मोटार जळण्याआधीचा धंदा

आयटीआय करून वीजतंत्रीचे किंवा तारतंत्रीचे प्रमाणपत्र घेतलेली, चार वर्षे कुणाच्या तरी हाताखाली राबलेली पोरे तालुक्याच्या गावी गाळा शोधत फिरतात. डिपॉझिट, भाडे, काउंटर, शेल्फवर मांडायचे सामान हे सगळे जमेपर्यंत हातातले कसब तसेच पडून राहते. गाळा खरेच लागतो तो ग्राहकाला वस्तू उचलून आणता येते अशा कामांना: मिक्सर, पंखा, जळालेल्या मोटारीचे रिवाइंडिंग. जी वस्तू जागची हलतच नाही, तिच्यापर्यंत मेकॅनिकलाच जावे लागते, आणि तिथे दुकानदार व बिनदुकानाचा माणूस सारखेच. सोसायटीच्या टाकीचा पंप, दवाखान्याचा इन्व्हर्टर, पिठाच्या गिरणीची मोटार अशी ही यादी बरीच लांबेल. पण महाराष्ट्रात या प्रकारातले सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित काम शेतात, बांधावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे. तो म्हणजे शेतीपंपाचा स्टार्टर.

बोअरमधली मोटार जळली की शेतकऱ्याचा खर्च रिवाइंडिंगपुरता राहत नाही. तिपाई आणि चेनपुली लावून पाइप, केबल आणि पंप वर काढायचा, गाडीत घालून तालुक्याला न्यायचा, तिथे नंबर लागेपर्यंत थांबायचे आणि परत आणून सोडायचा. तेवढ्या दिवसांत कांद्याचे किंवा टोमॅटोचे पाणी चुकते, त्याचा हिशोब वेगळाच. या साखळीत रिवाइंडिंगवाला कमावतो, पंप काढणारी टोळी कमावते, गाडीवाला कमावतो. मोटार जळूच नये म्हणून पैसे घेणारा माणूस मात्र बहुतेक गावांत सापडत नाही. ही जागा बिनदुकानाच्या वायरमनने घ्यावी असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी मोटारी कशाने जळतात ते आधी बघू. विहिरीतल्या पाण्यावर खापर फोडले जाते, पण पुष्कळदा कारण वरच, पेटीत असते. सर्वांत नेहमीचे म्हणजे तीनपैकी एक फेज जाणे. चालू मोटारीची एक फेज तुटली तरी ती लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजमधून पावणेदोन पटीपर्यंत करंट ओढत, घुमत, तापत राहते. स्टार जोडणीची मोटार रिवाइंडिंगवाल्याने उघडल्यावर दोन फेजची वेटोळी काळी आणि तिसऱ्या फेजची कोरी दिसली, तर समजायचे की फेज गेली होती. सगळीच काळी असतील तर लोड जास्त, व्होल्टेज कमी किंवा मोटार अडकलेली. जळालेल्या मोटारीभोवती उभे राहून हे पाहायची सवय ज्याला आहे, तो पुढची मोटार वाचवतो.

असे झाले तर मोटार बंद पाडायला स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. पण तो शेतात कसा भेटतो? व्होल्टेज कमी असले की मोटार करंट जास्त ओढते आणि रिले ट्रिप होतो. रात्रीच्या पाळीत वीज आलेली, थंडीत दोन वेळा पेटीपर्यंत चालत जावे लागलेले, मग कुणीतरी रिलेची चकती शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवतो. काही ठिकाणी तर रिलेवरून सरळ तार मारलेली असते. किटकॅटमध्ये फ्यूजतारेऐवजी केबलमधून सोलून काढलेली जाड तांब्याची तार असते, ती कधीच उडत नाही, आणि म्हणून तिचा उपयोगही नाही. शेतकरी मूर्ख आहे म्हणून हे होत नाही. ट्रिप का होतंय हे त्याला कुणी सांगितलेले नसते आणि पिकाला पाणी आजच हवे असते.

रिले कुठे ठेवायचा ते मोटारीच्या पाटीवर लिहिलेले असते. साध्या डायरेक्ट स्टार्टरमध्ये पाटीवरचा अँपियर आकडा तोच रिलेचा आकडा. पाटीवर 9 असेल तर रिले 9 वर. मोठ्या मोटारींच्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये मात्र रिले बहुधा वेटोळ्याच्या वाटेत बसवलेला असतो आणि त्यातून लाइनच्या 58 टक्केच करंट जातो. पाटीवर 13 असेल तर रिले साडेसातच्या आसपास हवा. तिथे कुणी सरळ 13 लावला असेल तर रिले आहे आणि नाही, दोन्ही सारखेच. एवढी एक गोष्ट नीट करून आलात तरी त्या दिवसाची मजुरी हलाल झाली.

आता एक तपासणी पूर्ण पाहू. समजा, 5 एचपीची सबमर्सिबल मोटार आहे, पाटीवर 9 अँपियर. शेतकऱ्याची तक्रार अशी की रिले अधूनमधून ट्रिप होतो, कुणीतरी सांगितले आहे की मोटारच खराब झाली, वर काढा. तुम्ही क्लॅम्प मीटर लावता. लाल फेजवर 7.9, पिवळ्यावर 9.8, निळ्यावर 10.8. तिन्हींची सरासरी 9.5. सरासरीपासून सर्वांत लांब आहे लाल, 1.6 ने, म्हणजे सुमारे 17 टक्के. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, दहाच्या पुढे गेला की कारण शोधायलाच हवे. दोष आहे हे कळले. तो वीज येते त्या बाजूला आहे की खाली बोअरमध्ये, हे कळायचे आहे, आणि त्यावर पंप काढायचा की नाही ते ठरते.

मेन स्विच पाडा. पेटीत वीज नाही याची टेस्टरने खात्री करा. स्टार्टरमधून मोटारीकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा: पहिलीच्या जागी तिसरी, दुसरीच्या जागी पहिली, तिसरीच्या जागी दुसरी. तिन्ही सरकल्या तर मोटारीची फिरण्याची दिशा बदलत नाही. फक्त दोनच अदलाबदल केल्या तर मोटार उलटी फिरते आणि पाणी कमी पडते. मोटार चालू करून पुन्हा मोजा. कमी करंट आधीच्याच लाल लाइनवर राहिला तर दोष वरच्या बाजूला आहे. मोटारीची ती वायर जिथे गेली तिथे कमी करंटही गेला असेल, तर दोष केबलमध्ये, जॉइंटमध्ये किंवा मोटारीतच आहे.

आपल्या उदाहरणात तो लाल लाइनवरच राहिला, 8.0. म्हणजे पंप काढायची गरज नाही. मोटार चालू असताना मेन स्विचमधल्या प्रत्येक किटकॅटच्या वरच्या आणि खालच्या टोकांत व्होल्टेज बघायचे. चांगल्या किटकॅटवर जवळपास शून्य दाखवते. लालवर आठ-दहा व्होल्ट दिसले. म्हणजे तेवढे व्होल्टेज त्या एका ढिल्या पकडीतच संपत होते आणि तिथे उष्णता होत होती. वीज बंद करून किटकॅट उपसला तर पाती निळसर-काळी पडलेली, चिनीमातीवर डाग आणि स्क्रू बोटाने फिरेल इतका सैल. नवा किटकॅट, योग्य फ्यूजतार, नवा लग. पुन्हा मोजल्यावर 9.2, 9.4, 9.3. रिले 9 वरच होता, पण त्यावर 10.8 चा भार पडत होता म्हणून तो ट्रिप व्हायचा. तो बिचारा आपले काम बरोबर करत होता. आता तीनही आकडे रिलेला चालण्यासारखे आहेत.

याच फेरीत मेगरने मोटारीचे इन्सुलेशन बघून घ्यायचे, अर्थात मोटारीच्या वायरी स्टार्टरपासून सोडवून. पाचशे व्होल्टच्या मेगरवर एक मेगाओमच्या खाली आकडा आला तर शेतकऱ्याला तोंडावर सांगायचे की ही मोटार कधीही धोका देईल, हंगामाच्या मध्यात काढण्यापेक्षा आत्ता काढा. स्टार्टरच्या पॉइंटवर काळे दिसले तर कानस लावू नका. चांदीचा मुलामा निघून जातो आणि नवा पॉइंट महिन्यात खराब होतो. पुसून घ्या, खड्डे पडले असतील तर बदला. कॉइल घुरघुरत असेल तर बऱ्याचदा मुंग्यांनी किंवा पालीने घर केलेले असते. अर्थिंगची तार जागेवर आहे का हे ओल्या जमिनीत काम करणाऱ्या माणसासाठी पाहायचेच.

शेवटी पेटीच्या दाराला आतून एक कार्ड चिकटवायचे. तारीख, तिन्ही फेजचा करंट, व्होल्टेज, रिलेचा आकडा, मेगरचा आकडा. या कार्डामुळेच हे काम दुरुस्तीचे न राहता देखभालीचे होते. ऑक्टोबरमध्ये 9.3 असलेला करंट मार्चमध्ये 6.5 वर आला, तर मोटार बिघडली नसून बोअरचे पाणी उतरले आहे आणि ती कोरडी चालायच्या बेतात आहे. मागचा आकडा लिहिलेला नसता तर 6.5 पाहून कुणाला काहीच वाटले नसते.

म्हणून वर्षात दोन फेऱ्या. पावसाळाभर बंद असलेले पंप रब्बीसाठी चालू व्हायच्या आधी एक, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी दुसरी. घरोघर न फिरता डीपीनुसार फिरावे. एका डीपीवरचे दहा-बारा पंप दिवसा-दोन दिवसांत होतात आणि एकाला सापडलेले कमी व्होल्टेज बाकीच्यांनाही समजते. समजा एका तपासणीचे 300 रुपये धरले, तर शेतकऱ्याला वर्षाचे 600 पडतात. पैसे तपासणीच्या दिवशीच घ्यावेत. माल विकल्यावर देतो म्हणणाऱ्याला ‘तुम्ही सामान आणा, मी मजुरी मागाहून घेईन’ असे सांगण्यात धोका कमी. सामान शक्यतो शेतकऱ्यानेच आणावे, तुम्ही चिठ्ठी लिहून द्यावी. भांडवल अडकत नाही आणि सामानात कमिशन खाल्ल्याचा संशयही येत नाही. पिशवीत क्लॅम्प मीटर, मेगर, टेस्टर, क्रिम्पिंग पक्कड, लग, फ्यूजतार आणि गावात जास्त दिसणाऱ्या एक-दोन स्टार्टरच्या कॉइल असल्या की पुरे.

एक गोष्ट मात्र पैसे दिले तरी करायची नाही. डीपीचा फ्यूज उडाला की ‘तूच टाक की रे’ असा आग्रह होतो, आणि त्यात माणसे मेली आहेत. ते काम महावितरणच्या लाइनमनचे. नवी वायरिंग करून द्यायची असेल तर वायरमनचा परवाना हवा. ऑटो स्विच बसवून मागणारेही भेटतील. वीज येताच सगळे पंप एकदम सुरू झाले की ट्रान्सफॉर्मरवर एकदम ताण येतो, म्हणून महावितरण ते काढायला सांगते. त्याऐवजी कपॅसिटर बसवून द्यावा. 5 एचपीला साधारण 2 केव्हीएआरचा लागतो, लाइनचा करंट उतरतो आणि शेवटच्या पंपाला व्होल्टेज थोडे बरे मिळते. सरकारी योजनेतल्या सौरपंपांना पाच वर्षे पुरवठादाराची देखभाल असते. त्यांचा कंट्रोलर तोपर्यंत उघडू नका, तक्रार नोंदवायला मदत करा आणि पॅनलवरची धूळ कशी धुवायची ते शिकवा.