शाई स्वस्त, पण जाते कुठे?

घरातून कर सल्ल्याचं काम चालतं तिथे महिन्याला दीडशे-दोनशे पानं सहज छापली जातात. त्या कामासाठी घेतलेला आमचा इंक टँक प्रिंटर आता पुरता ओळखीचा झालाय. काळ्या शाईच्या बाटलीत साडेचार हजार पानं निघतात, असं कंपनी सांगते. बाटली चारशेची धरली, तर पान नऊ पैशांना पडतं. आठशेच्या कार्ट्रिजवर दीडशे-पावणेदोनशे पानं निघाली, तर तेच पान पाच रुपयांच्या घरात जातं. इथे टँकशी कुणाची बरोबरीच नाही.

मात्र कंपनीचा आकडा नमुना पानं सलग छापून काढलेला असतो. घरी प्रिंटर चार-चार दिवस नुसता बसतो, हेडची बारीक छिद्रं सुकतात आणि अक्षरांतून पांढऱ्या रेघा दिसू लागतात. मग आपण ‘Head Cleaning’ करतो. त्यात सगळ्या रंगांची शाई ओढून आतल्या पॅडमध्ये टाकली जाते. रंगीत काही छापलं नसतानाही पिवळी टाकी उतरते ती यामुळे. म्हणून आधी ‘Nozzle Check’चं पान काढावं आणि रेषा तुटक असतील तरच सफाई करावी. आठवड्यातून एखादं रंगीत पान छापावं. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा. भिंतीवरचा स्विच थेट दाबला, तर हेड टोपीखाली जात नाही आणि उघड्यावर सुकतं.

छपाईबद्दल माझी तक्रार नाही. काळी अक्षरं ठसठशीत येतात आणि वाळलेल्या पानावर पाण्याचा थेंब पडला तरी फुटत नाहीत, कारण काळी शाई पिगमेंटची आहे. रंगीत शाई डायची असल्याने ती मात्र लगेच पसरते.

खरा मनस्ताप वायफायचा. प्रिंटर चालू, फोनवरून छपाई सुरळीत, आणि लॅपटॉप म्हणतो ‘Offline’. बहुतेक वेळा राउटर पुन्हा सुरू झाल्यावर प्रिंटरला नवा आयपी पत्ता मिळालेला असतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. आम्ही राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एकच पत्ता राखून ठेवला. मग विंडोजमध्ये ‘Printer properties’मधल्या ‘Ports’मध्ये जाऊन ‘Standard TCP/IP Port’ जोडून तोच पत्ता दिला. तेव्हापासून ही कटकट थांबली. हेल्पलाइनने मात्र प्रत्येक वेळी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायलाच सांगितलं होतं. शिवाय असे बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. जोडणी करताना राउटरवर तो पट्टा चालू हवा.

घेण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात. वॉरंटी वर्षांवर आहे की पानांवरही, आणि वाया गेलेल्या शाईचं पॅड भरलं तर ते घरी बदलता येतं का. पॅड आत बंदिस्त असेल, तर भरल्यावर प्रिंटर छापायचंच थांबवतो आणि रिटर्नच्या मुदतीच्या आठवड्यातही त्याला सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं.