‘आम्ही विरुद्ध ते’: तुलनेचा मजकूर बाहेर जाण्याआधी मी काय तपासतो

एखादं अॅप घ्यायचं की नाही हे बघताना तुम्हाला तो तक्ता दिसलाच असेल. डाव्या बाजूला ‘आम्ही’, सगळीकडे हिरव्या खुणा. उजवीकडे ‘ते’, सगळीकडे लाल फुल्या. असा मजकूर बाहेर जाण्याआधी तपासणं हे माझं काम. त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो तो एकेका शब्दावर.

एक शब्द किती महागात पडतो, त्याचं उदाहरण मुंबई उच्च न्यायालयातलं आहे. 2017 मध्ये अमूलच्या जाहिरातीत आइस्क्रीम दुधाचं आणि फ्रोझन डेझर्ट ‘वनस्पती’चं, अशी तुलना होती. तेव्हाची क्वालिटी वॉल्सवाली हिंदुस्थान युनिलिव्हर कोर्टात गेली. आपल्याकडे वनस्पती म्हटलं की डोळ्यांसमोर डालडा येतो, म्हणजे हायड्रोजनेशन करून घट्ट केलेलं तेल. कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही खाद्य वनस्पती तेल वापरतो, ‘वनस्पती’ नाही. शिवाय आमच्या मालात दुधाचे घटकही असतात. जाहिरातीत प्रतिस्पर्ध्याचं नावसुद्धा नव्हतं. तरी कोर्टाने जाहिरात थांबवली आणि 2018 मध्ये खंडपीठानेही तो निकाल कायम ठेवला. गंमत बघा, ‘आमचं आइस्क्रीम दुधाचं’ एवढ्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. आपला माल भारी म्हणायला कायदा बराच मोकळा आहे. दुसऱ्याचा वाईट म्हणायला गेलात की अडकता.

आता आपल्या गावात येऊ. समजा, शिरोड्यातल्या एका छोट्या कंपनीने होमस्टेवाल्यांसाठी बुकिंगचं अॅप केलंय आणि तुलनेत पहिलीच ओळ आहे: ‘नेट गेलं की त्यांचं अॅप बंद पडतं.’ वेळागरला नेट जाणं काही नवीन नाही, त्यामुळे ओळ लागते बरोबर. पण ती खरी आहे का? दोन्ही अॅप एकाच फोनवर टाकायची, एअरप्लेन मोड लावायचा आणि तीन कामं करून बघायची: जुनं बुकिंग उघडणं, नवं नोंदवणं, बिल काढणं. समजा, त्यांच्या अॅपमध्ये जुनं बुकिंग दिसलं, बिलही निघालं, फक्त नवं नोंदवता आलं नाही. मग ‘बंद पडतं’ हा शब्द म्हणजे आपली ‘वनस्पती’च झाली. मी लिहीन: ‘नेट नसताना आमच्याकडे नवं बुकिंग नोंदवता येतं, त्यांच्याकडे जुनी बुकिंग दिसतात पण नवं नोंदवता येत नाही.’ खाली दोन्ही अॅपची आवृत्ती आणि तपासल्याची तारीख. स्क्रीन रेकॉर्डिंग जपून ठेवायचं, कारण समोरून पत्र आलं तर तेच उत्तर.

दुसरी ओळ किमतीची, आणि खरी लबाडी बहुतेकदा इथेच असते. ‘आम्ही 199 रुपये महिना, ते 299.’ खोदून बघितलं तर 199 हा दर वर्षाचे 2,388 रुपये एकदम भरले तरच मिळतो, वर 18 टक्के जीएसटी वेगळा. त्यांचे 299 मात्र महिन्याचे आणि जीएसटी धरून. आपला महिन्याचा खरा दर 249. कर धरून 293 रुपये 82 पैसे. शंभराचा फरक पाच रुपयांवर आला! वर्षाचं बघा: आपले कर धरून साधारण 2,818. त्यांचा वर्षाचा प्लॅन सगळं धरून 2,700 असेल, तर स्वस्त तेच. अशा वेळी कुणीतरी सुचवतंच की खाली बारीक अक्षरात ‘अटी लागू’ टाकू. केंद्र सरकारच्या 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या नियमांप्रमाणे अशी तळटीप मुख्य दाव्याच्या उलट जाऊ शकत नाही. त्यामुळे महिना आणि वर्ष या दोन्ही ओळी, दोन्हीकडे कर धरून, तक्त्यातच द्यायच्या.

राहिला प्रश्न ओळी निवडण्याचा. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे मुंबईच्या एएससीआयची संहिता सांगते की तुलनेचे मुद्दे असे निवडू नयेत की जाहिरातदाराला कृत्रिम फायदा होईल. म्हणून मी मार्केटिंगच्या पोरांना विचारतो, ‘गिऱ्हाईक त्यांच्याकडे का जातं?’ उत्तर येतं, त्यांचं बिल मराठीत निघतं, आपलं नाही. ती ओळ तक्त्यात घालतो, आपल्या बाजूला फुली मारून. यावर थोडी कुरकुर होते. ‘बेभरवशाचं’, ‘जुनाट’ असले शब्द मात्र न विचारता काढतो, कारण ते कसे मोजणार?

आणि समोरच्याने पुढच्या अपडेटमध्ये नेटशिवाय नवं बुकिंग सुरू केलं, तर आपली पहिली ओळ त्या दिवसापासून खोटी. म्हणून दर महिन्याला त्यांचं अॅप अपडेट करून तीच तीन कामं पुन्हा करून बघायची.