पॉडकास्टसाठी पाहुण्याला बोलावताना

आपल्या व्यवसायातील जाणकारांना बोलते करावे, त्यांचे अनुभव ध्वनिमुद्रित करून मोबाईलवरून लोकांपर्यंत पोहोचवावेत, असा उद्योग आता अनेक व्यापारी मंडळांतील तरुणांनी हाती घेतला आहे. यालाच पॉडकास्ट म्हणतात. यंत्राची, मायक्रोफोनची चौकशी सगळे करतात, पण पाहुण्याला धाडायच्या निमंत्रणाकडे कोणी फारसे पाहत नाही. "एकदा आपल्याशी बोलायचे आहे, सवडीने कळवा" एवढे लिहिले की झाले, असा समज आहे. कारागिराला सवड नसते, म्हणून तो कळवत नाही. चुकून कळवलेच तर ऐन कामाच्या वेळी, कारखान्याच्या गोंगाटात, काय विचारणार याचा पत्ता नसताना बोलायला बसतो.

प्रस्तुत लेखकाचाच एक फजितीचा प्रसंग सांगतो. मिरजेच्या एका तंबोरा बनविणाऱ्या बुजुर्ग कारागिरांना आम्ही दूरवरून, संगणकावरील कॉलवर बोलते केले. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानिमित्त ही मुलाखत होती. चाचा मोठ्या हौसेने बोलले, तंबोरा जुळवून वाजवूनही दाखवला. आम्ही नंतर ऐकले तो काय, चाचांचा आवाज स्वच्छ आणि तंबोरा गायब! तार छेडल्याचा पहिला टणत्कार यायचा आणि मागची आस विरून जायची. कारण साधे होते. कॉल करण्याच्या बहुतेक साधनांत पंख्याची घरघर, यंत्राची गुणगुण असे एकसारखे चालणारे आवाज आपोआप पुसून टाकण्याची सोय असते. तंबोऱ्याचा नादही अखंड, एकसारखा. यंत्राने त्याला पंखा समजून पुसला. दोष यंत्राचा नव्हता. आपण वाद्य वाजवून दाखवणार आहात हे निमंत्रणात धरून आम्ही त्याप्रमाणे तयारी सांगायला हवी होती.

दुसऱ्या वेळी आम्ही व्हॉट्सअॅपवर जे निमंत्रण धाडले ते असे :

"अस्सलामु अलैकुम, चाचा. मागच्या वेळी आमच्या चुकीने तंबोऱ्याचा आवाज आला नाही, म्हणून पुन्हा तसदी देत आहोत. या महिन्यातील तीन वेळा सुचवतो : मंगळवार ता. 14, सकाळी 8 ते 9.15, गुरुवार ता. 16, रात्री 9.30 ते 10.45, शनिवार ता. 18, दुपारी 2.30 ते 3.45. शुक्रवार ता. 10 पर्यंत एक वेळ कळवावी. तोवर तिन्ही वेळा आपल्यासाठी राखून ठेवल्या आहेत. एकूण सव्वा तास लागेल : पहिली 15 मिनिटे आवाज तपासायला, पाऊण तास गप्पा, उरलेला वेळ तंबोरा वाजवण्यासाठी आणि काही राहिले असल्यास. प्रसारित होणारा भाग साधारण 30 मिनिटांचा असेल. फक्त आवाज घेऊ, चित्रण नाही. विषय चार : भोपळ्याची निवड, जवारी काढणे, नवीन मुले या कामात येतात का, आणि इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा धंद्यावर झालेला परिणाम. गिऱ्हाइकांची नावे आणि किमती विचारणार नाही. प्रसारणापूर्वी आपल्याला ऐकवू. काही गाळायचे वाटल्यास गाळू."

यातील तीन वेळांविषयी थोडे सांगतो. एकच वेळ दिली तर पाहुणा "जमणार नाही" म्हणून मोकळा होतो. दहा दिल्या तर ठरवणे लांबणीवर टाकतो. तीन पुरतात, पण त्या तीन तऱ्हेच्या हव्यात : एक सकाळी दुकान उघडण्यापूर्वी, एक इशानंतर, एक दुपारी जोहरनंतर. शुक्रवारची दुपार आणि मगरिबच्या आसपासची वेळ आम्ही टाळतो. रमजानमध्ये तर संध्याकाळ सुचवूच नये. ज्या भागात दुरुस्तीसाठी ठराविक वारी वीज बंद असते तो वारही आधी विचारून घ्यावा. आरंभाबरोबर शेवटची वेळही लिहावी, म्हणजे कारागीर पुढचे काम ठरवू शकतो. पाहुणे आखातात असतील तर दोन्ही ठिकाणची वेळ लिहावी. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, सौदी अडीच तास. आपल्या कोकणातले कितीतरी व्यावसायिक तिकडे आहेत. त्यांना नुसते "सकाळी 8" लिहिले तर ते आपल्या घड्याळाने बसतात आणि आपण इकडे वाट पाहतो.

आता मांडणी. चाचांना आम्ही वेगळा निरोप धाडला, कारण ती माहिती निमंत्रणात कोंबली तर वाचणारा घाबरतो. त्यात सांगितले की दोन मोबाईल लागतील. एकावर आपण कॉलवर बोलायचे, कानाला तारेचे इअरफोन लावून, म्हणजे आमचा आवाज दुसऱ्या मोबाईलमध्ये शिरणार नाही. दुसरा मोबाईल विमान-मोडवर टाकून, त्यातील ध्वनिमुद्रणाचे अॅप चालू करून, तोंडापासून एक वीत अंतरावर, हातरुमालाच्या घडीवर ठेवायचा. तंबोरा वाजवताना तो भोपळ्याच्या जवळ, हातभर अंतरावर सरकवायचा. कॉलवरचा आवाज फक्त बोलण्यापुरता. खरा आवाज दुसऱ्या मोबाईलमधला, आणि त्यावर पुसण्याची सोय असेल तर तीही बंद करायची. ब्लूटूथचे इअरफोन नकोत, कारण त्यांचा माईक चालू झाला की आवाज बहुधा टेलिफोनसारखा दबतो.

कारखान्यात नको, घरच्या गाद्या-गोधड्या असलेल्या खोलीत बसा, पंखा बंद ठेवा, असेही कळवले. मोकळ्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. तो घुमारा नंतर पूर्णपणे काढणे अवघड जाते.

बोलणे सुरू होताना दोन्हीकडून एकदाच टाळी वाजवायची, आणि शेवटीही. त्या टाळीच्या ठशावरून दोन्ही ध्वनिफिती जुळवता येतात. दोन यंत्रे पाऊण तासात किंचित पुढेमागे होतात, म्हणून शेवटची टाळी. ध्वनिफीत व्हॉट्सअॅपवर धाडायची ती डॉक्युमेंट म्हणून. व्हॉइस नोटचा पर्याय वापरला तर आवाज आवळला जातो.

ज्यांचे सगळे संगणकावर चालते त्यांनी एवढेच करावे : झूम वापरत असतील तर सेटिंगमध्ये `Original sound for musicians` हा पर्याय निवडून घ्यावा आणि कॉल सुरू झाल्यावर तो चालू आहे याची खात्री करावी. वाद्य दाखवणाऱ्या पाहुण्याला हे आधी कळवणे जरूर आहे.

विषयांच्या बाबतीत प्रश्न शब्दशः देऊ नयेत, नाहीतर पाहुणा कागद वाचून दाखवतो. पण विषय निश्चित सांगावेत. जवारी म्हणजे घोडीचा वरचा भाग कानसून, तारेखाली दोरा सरकवून नाद उघडणे. हे हातातले कसब आहे. त्यातले किती उघड करायचे, हे ज्याचे कसब त्यालाच ठरवू द्यावे. विषय आधी कळला म्हणून चाचांनी घरात विचारविनिमय केला आणि आम्हाला कळवले, "भोपळ्याचे सगळे सांगतो, पंढरपूरकडून कसा आणतो तेही सांगतो. जवारीचे मात्र ऐकवतो, सांगत नाही." आम्ही तो मुद्दा तसाच बदलला. त्यांनी मंगळवारची सकाळ निवडली. कानसण्याआधीची आणि नंतरची तार छेडून दाखवली, आणि या वेळी तंबोरा पूर्ण आला.