खिशात जाणारी जाहिरात

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ या भागांत फिरताना मेसच्या दारावर, अभ्यासिकेच्या जिन्यात, झेरॉक्सच्या दुकानाबाहेर एक ओळखीचा कागद दिसतो. वर ‘खोली भाड्याने देणे आहे’ किंवा ‘कॉट बेसिसवर जागा’ आणि खाली झालरीसारख्या कापलेल्या, फोन नंबर लिहिलेल्या पट्ट्या. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी गावोगावहून आलेली मुलं-मुली हे कागद वाचत जातात आणि जागा बरी वाटली की एक पट्टी फाडून खिशात टाकतात. साधी युक्ती आहे. पण असे बरेच कागद आठवडाभर लटकूनही मालकाला एक फोन येत नाही. चूक बहुधा वरच्या मजकुरात नसते, ती खालच्या पट्टीत असते.

पट्टी फाडली की तिचा वरच्या मोठ्या कागदाशी संबंध संपतो. जागा शोधणारा मुलगा एका संध्याकाळी चार ठिकाणच्या पट्ट्या गोळा करतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्या बाहेर काढतो. तेव्हा त्याच्या हातात नुसते दहा आकडे असतील, तर हा नंबर खोलीचा, मेसचा की जुनी पुस्तकं विकणाऱ्याचा हे त्याला आठवत नाही. मग तो फोन करत नाही, पट्टी टाकून देतो. म्हणून मांडणीची सुरुवात पट्टीपासून करावी. पट्टीवर नंबर हवाच, शिवाय काय आहे, कुठे आहे आणि किती भाडं आहे हेही हवं. एवढं असलं की पट्टी एकटी पुरेशी होते.

एक उदाहरण प्रत्यक्ष करून पाहू. समजा, सदाशिव पेठेत एक स्वतंत्र दाराची खोली आहे, भाडं महिना ७,५०० रुपये आणि डिपॉझिट १५,०००. कागद नेहमीचा ए-४ घेऊ, म्हणजे २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच. खालचे ७ सेंटिमीटर पट्ट्यांसाठी सोडू. पट्ट्या किती? लोक हौसेने बारा-पंधरा करतात आणि प्रत्येक पट्टी इतकी अरुंद होते की वाऱ्यावर पिळवटून जाते. एका खोलीला भाडेकरू एकच लागतो. आठ पट्ट्या भरपूर झाल्या. बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर सोडला की मध्ये २० सेंटिमीटर उरतात आणि प्रत्येक पट्टी बरोबर अडीच सेंटिमीटरची येते. टोकाच्या दोन पट्ट्या तेवढ्या थोड्या रुंद होतात, त्याने काही बिघडत नाही.

आता या पट्टीवर नंबर आडवा लिहायचा की उभा? अडीच सेंटिमीटरच्या रुंदीत दहा आकडे आडवे बसवले तर अक्षर जेमतेम १० पॉइंटचं राहतं, म्हणजे वर्तमानपत्राच्या बारीक मजकुराएवढं. तोच नंबर पट्टीच्या लांबीत फिरवून लिहिला तर २२ पॉइंटचे ठसठशीत आकडे साडेचार सेंटिमीटरमध्ये आरामात बसतात आणि त्याखाली दोन छोट्या ओळींना जागा उरते. पहिल्या ओळीत ‘खोली, सदाशिव पेठ’, दुसरीत ‘भाडे ७,५००, फोन संध्या. ७ नंतर’. या ओळींना १२ पॉइंटपेक्षा लहान अक्षर घेऊ नका. काना-मात्रा, अनुस्वार झेरॉक्समध्ये आधी पुसट होतात आणि ‘पेठ’चं काहीतरी भलतंच वाचलं जातं.

वर्डमध्ये हे करायला विशेष कौशल्य लागत नाही. एका ओळीचं, आठ रकान्यांचं टेबल घ्यायचं, ओळीची उंची ७ सेंटिमीटरला बांधायची आणि सगळे रकाने निवडून `Text Direction` या बटणाने मजकूर फिरवायचा. पहिल्या रकान्यात सगळं नीट बसलं की तेच बाकीच्या सातांत चिकटवायचं. प्रत्येक वेळी नव्याने टाइप करू नका. आठांपैकी एका पट्टीत एक आकडा चुकला तर ते कळायला मार्ग नसतो, कारण चुकीचा नंबर लावणारा माणूस तुम्हाला सांगायला येत नाही. छापून आल्यावर एका पट्टीवरून स्वतः फोन लावून पाहा.

नंबर इंग्रजी आकड्यांत लिहावा असं मी आग्रहाने सांगेन. बाकी सगळा कागद मराठीत असू द्या, असायलाच हवा. पण लहान आकारात आणि फिक्या झेरॉक्समध्ये मराठी १ आणि ९ एकमेकांत मिसळतात; फोनच्या पडद्यावरही बहुतेकांना इंग्रजी आकडेच दिसतात. पाच-पाच आकड्यांचे दोन गट करून मध्ये मोकळी जागा सोडली की लावताना चूक कमी होते.

वरच्या भागात ‘खोली भाड्याने’ एवढे दोन शब्द इतके मोठे हवेत की कागद भिंतीवर धरून दहा पावलं मागे गेल्यावरही वाचता यावेत. त्याखाली माणूस जवळ येऊन जे वाचणार ते: कोणासाठी, किती जणांना, भाडं, डिपॉझिट, लाइट बिल वेगळं की धरून, पाण्याची वेळ, खोली कधीपासून मोकळी. दलाल नको असतील तर तसं स्पष्ट लिहा. भाडं लपवू नका. ‘भाडे समक्ष’ लिहिलं की पट्ट्या जातात, फोनही येतात, पण त्यातले निम्मे आकडा ऐकून संपतात आणि दोन्हीकडचा वेळ जातो. घराचा पूर्ण पत्ता मात्र लिहू नये, पेठ आणि जवळची खूण पुरे. घरात एकट्या बाई राहत असतील तर तसं सुचवणारा एकही शब्द कागदावर नको. शक्य असेल तर जाहिरातीसाठी नेहमीच्या नंबराऐवजी दुसरा वापरावा, कारण भिंतीवर लावलेला नंबर मग कोणाकोणाकडे जातो यावर आपला ताबा राहत नाही.

वरच्या भागातही नंबर एकदा मोठा लिहायचा, ही गोष्ट हटकून विसरली जाते. नंबर फक्त पट्ट्यांवर असेल तर आठवी पट्टी गेली की तो कागद मुका होतो. शिवाय आता अनेक जण पट्टी न फाडता कागदाचा फोटो काढतात. त्यांना आडवा, सरळ नंबर सोयीचा.

पट्टी नीट फाटणं ही खरी कारागिरी आहे. झेरॉक्सचा ए-४ कागद घेऊन एकदा उभा आणि एकदा आडवा फाडून पाहा. बहुतेक कागद उभा बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवा वेडावाकडा जातो. कागद बनताना त्यातले तंतू एका दिशेने झुकतात, आणि ए-४मध्ये ती दिशा बहुधा लांबीची असते. आपली पट्टी नेमकी आडवी तोडायची असते, म्हणजे तंतूंच्या विरुद्ध. त्यामुळे नुसत्या उभ्या कापांवर भागवलं तर ओढणाऱ्याच्या हातात अर्धा नंबर येतो किंवा शेजारची पट्टीही येते, नाहीतर अख्खा कागदच टेपसकट खाली येतो.

उपाय असा. उभे काप कात्रीने बरोबर ७ सेंटिमीटरच्या रेषेपर्यंत न्यायचे, अलीकडे थांबायचं नाही. मग त्या आडव्या रेषेवर कागद दुमडून पट्टीने दाबायचा, उलगडून मागच्या बाजूला दुमडून पुन्हा दाबायचा. प्रत्येक पट्टीच्या एका बाजूला त्या रेषेवर सात-आठ मिलिमीटरचा छोटा काप द्यायचा. बोटांनी किंचित तिरकं ओढलं की फाट त्या कापापासून सुरू होते आणि घडीवरून सरळ जाते. काप याहून मोठा केला तर पट्ट्या वाऱ्यानेच गळतात. घरी शिलाई मशीन असेल तर आणखी सोपं: दोरा काढून, जुनी सुई लावून, सर्वांत लांब टाक्यावर त्या रेषेवरून कागद चालवायचा. जुनी सुई यासाठी की कागदाने धार जाते. पहिली पट्टी स्वतः फाडून बघा. परीक्षाही होते आणि पुढच्या माणसाला हात लावायचा संकोचही राहत नाही.

पावसाळ्यात इंकजेट प्रिंटरची शाई बहुधा ओघळते. झेरॉक्स किंवा लेसर प्रिंटची काळी भुकटी उष्णतेने कागदावर बसवलेली असते, ती पाण्याने विरघळत नाही. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा तर तोंड खाली ठेवून, पट्ट्या बाहेर लोंबतील असा. खळ किंवा टेप फक्त वरच्या भागाला लावा. पट्ट्यांच्या मागे ओल गेली की त्या भिंतीला चिकटतात. पट्ट्या छातीच्या उंचीवर याव्यात.

कुठे लावायचा? मेस, अभ्यासिका, झेरॉक्सवाला, किराणा दुकान, जिथे तो मुलगा रोज जातो तिथे, आणि मालकाला विचारून. महाराष्ट्रात सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ पासून कायदा आहे, त्यामुळे विजेचा खांब, बसथांबा, पुलाची भिंत सोडून द्या. झाडाला खिळा ठोकून तर कधीच नको.

चार ठिकाणी कागद लावणार असाल तर पट्टीच्या कोपऱ्यात क, ख, ग, घ असं एकेक अक्षर घाला. फोन आला, “काका, खोली अजून आहे का?” की विचारायचं, “पट्टीच्या कोपऱ्यात कोणतं अक्षर आहे?” आठवड्यात कळतं की मेसवरून पाच फोन आले आणि किराणा दुकानातून एकही नाही. एखाद्या जागी पट्ट्या भराभर गेल्या पण फोन नाही, तर आधी तिथल्या प्रतीवरचा नंबर तपासा. नंबर बरोबर असेल, तर पट्ट्या दलालांनी किंवा जाता-येता पोरांनी उडवल्या असण्याची शक्यता आहे. एकही पट्टी गेली नाही तर जागा चुकली किंवा भाडं जास्त आहे.

हरवलेल्या मांजराच्या किंवा कुत्र्याच्या कागदाला हाच सांगाडा चालतो, पण तिथे वरचा निम्मा भाग एका स्पष्ट फोटोला द्यावा. काळं मांजर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये नुसता डाग दिसतं, म्हणून तिथे रंगीत प्रत घ्या, किंवा उजेडात, फिक्या चादरीवर काढलेला फोटो निवडा. पट्टीवर ‘तपकिरी बोका, शेपटी आखूड’ असं लिहा, कारण पट्टी नेणाऱ्याला तो प्राणी कदाचित तीन दिवसांनी दिसेल. अंगावरची एक खूण मात्र कागदावर लिहू नका. पैसे मागणारा फोन आला की तीच विचारायची. ज्याच्याकडे प्राणी आहे त्याला ती बघून सांगता येईल.

आणि खोली गेली किंवा मांजर सापडलं, की त्याच दिवशी चारही ठिकाणचे कागद स्वतः जाऊन काढा. दुकानदार पुढच्या वेळी जागा देतो की नाही, ते यावर ठरतं.