दार बंद की सामान मोडलेलं?

एकाच घरात दोन कॉम्प्युटर, एकच वाय-फाय. दादाने माइनक्राफ्टची जावा आवृत्ती उघडली, आपलं जग सुरू केलं आणि 'Open to LAN' दाबलं. धाकटीच्या स्क्रीनवर त्या जगाचं नाव दिसलंही. तिने त्यावर क्लिक केलं, वीसेक सेकंद वाट पाहिली आणि उत्तर आलं: 'Connection timed out'. घरात लगेच ठरतं की तिचाच कॉम्प्युटर बिघडला. मग गेम काढून पुन्हा टाकायचा, त्यात संध्याकाळ जाते आणि नंतरही तोच संदेश येतो.

या प्रकारात दोष बहुतेकदा दादाच्या कॉम्प्युटरवर असतो. तिच्या यादीत जगाचं नाव आलं, म्हणजे दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांपर्यंत पोचताहेत. अडचण त्यापुढची आहे. विंडोजची फायरवॉल आतून बाहेर जाणारी जोडणी सहसा अडवत नाही, पण बाहेरून आत येणारी जोडणी परवानगीशिवाय घेत नाही. नको असलेली विनंती आली तर ती नकारही कळवत नाही, विनंती नुसती टाकून देते. म्हणून धाकटीचा गेम उत्तराची वाट पाहत राहतो आणि वेळ संपल्यावर हार मानतो. त्याऐवजी झटकन 'Connection refused' आलं असतं, तर विनंती त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचली पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नव्हतं, असं समजायचं. दादाचं जग बंद झालंय किंवा पोर्टचा आकडा चुकलाय, हे आधी बघायचं. संदेशाचे शब्द आणि तो यायला लागलेला वेळ, दोन्ही लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पण महिन्यापूर्वी तर सगळं चालत होतं! इथे फायरवॉलची एक सवय आड येते. ती 'माइनक्राफ्ट' ओळखत नाही. एका ठरावीक फोल्डरमधली ठरावीक फाइल ओळखते, आणि इथे ती फाइल javaw.exe असते. माइनक्राफ्ट 1.20.5 पासून गेमला जावा 17 ऐवजी जावा 21 लागू लागलं. लाँचरने नवं जावा वेगळ्या फोल्डरमध्ये आणलं, त्यामुळे जुनी परवानगी नव्या फाइलला लागू झाली नाही. विंडोजने पुन्हा विचारलं, पण खिडकीत नाव होतं 'OpenJDK Platform binary'. हे काय आहे ते न कळून मुलाने 'Cancel' दाबलं. त्याने चूक केली असं मला वाटत नाही, अनोळखी नावाला नकार देणं शहाणपणाचंच. मात्र विंडोज त्या नकाराची नोंद ठेवते. त्या फाइलसाठी ती मनाईचे नियम लिहून टाकते आणि नंतर कधीच विचारत नाही.

आता दुरुस्ती. दादाच्या कॉम्प्युटरवर विंडोज की आणि R एकत्र दाबून wf.msc लिहायचं. प्रशासकाचा पासवर्ड लागू शकतो. डावीकडे 'Inbound Rules' उघडलं की लाल मनाईचं चिन्ह असलेले OpenJDK चे नियम दिसतात, सहसा दोन, एक TCP साठी आणि एक UDP साठी. नियम उघडून आतला फाइलचा पत्ता एकदा तपासावा आणि मग ते काढून टाकावेत. परवानगीचा नवा नियम वरून जोडून भागत नाही, कारण मनाई आणि परवानगी दोन्ही असतील तर मनाईच चालते. लोक नेमके इथे अडकतात. नियम काढल्यावर जग पुन्हा उघडलं की प्रश्नाची खिडकी परत येते, तिथे 'Private' निवडून परवानगी द्यावी. घरचं वाय-फायही सेटिंगमध्ये 'Private' आहे ना, ते बघावं, कारण विंडोज 11 नवं नेटवर्क सहसा 'Public' धरते.

फाइल खराब असेल तेव्हा लक्षणं निराळी असतात. गेम सुरू होतानाच बंद पडतो, किंवा सर्व्हरशी जोडणी होते आणि तो लगेच बाहेर काढतो. काउंटर-स्ट्राइकच्या जुन्या आवृत्त्यांत तुमचा नकाशा सर्व्हरच्या नकाशापेक्षा वेगळा आहे, असं सरळ लिहून येई. डाउनलोड चालू असताना वीज गेली, डिस्क जीर्ण झाली किंवा अँटिव्हायरसने एखादी फाइल उचलली, की असं होतं. गेम स्टीमवरचा असेल तर नावावर राइट-क्लिक करून 'Properties', मग 'Installed Files' आणि तिथे फाइल्स तपासण्याचा पर्याय घ्यायचा. स्टीम प्रत्येक फाइलचा ठसा मूळ नोंदीशी ताडून बघतं आणि न जुळणारा भागच पुन्हा उतरवतं, त्यामुळे पूर्ण गेम नव्याने घ्यावा लागत नाही. एखादी फाइल जुळली नाही म्हणून घाबरू नये, काही गेममध्ये स्वतः बदललेली सेटिंगची फाइलही तशी दिसते. पण दर तपासणीत तीच exe किंवा dll फाइल गायब असेल, तर अँटिव्हायरसची 'Quarantine' यादी उघडा. स्टीम ती फाइल आणतं आणि अँटिव्हायरस ती पुन्हा उचलतो, असं चक्र चाललेलं असू शकतं. आणि दर वेळी निराळीच फाइल खराब निघत असेल, तर गेम सोडून आधी डिस्क आणि रॅम तपासून घ्या, घरचे फोटो आणि कागदपत्रंही त्याच डिस्कवर असतात.