कंपनीबद्दल लिहायचंय, पण नोटीस नको

समजा, हिंजवडीतल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीतून एक टेस्टर नुकतीच बाहेर पडली आहे. रिलीव्हिंग लेटर हातात आलंय, राग अजून उतरलेला नाही. ग्लासडोअर किंवा अ‍ॅम्बिशनबॉक्स उघडून ती एका दमात लिहिते:

“मॅनेजर एक नंबरचा हलकट. आम्ही पाच टेस्टर्सनी त्या जर्मन बँकेचं काम शनिवार-रविवार राबून मार्चपर्यंत ओढलं. क्लायंटला चाळीस माणसांचं बिल लावतात, कामाला असतात बावीस. पीएफ खातात. एका मुलीने कमिटीकडे तक्रार केली, ती दाबली. दिवाळीआधी निम्म्यांना काढणार आहेत. चुकूनही जाऊ नका.”

ही टेस्टर काल्पनिक आहे, पण असे रिव्ह्यू रोज लिहिले जातात. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे असं धरलं, तरी जवळजवळ प्रत्येक वाक्यात एक वेगळी अडचण दडलेली आहे. म्हणून हाच मजकूर एकेक वाक्य घेऊन तपासू.

पहिलं वाक्य बदनामीचं. आपल्याकडे बदनामी हा दिवाणी दाव्याचा विषय आहे, तसा तो फौजदारी गुन्हाही आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येतो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० मध्ये होता. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. माणसाची होते तशी कंपनीचीही बदनामी होऊ शकते, हे कायद्यातच लिहिलं आहे. आणि नाव घेतलं नाही म्हणजे सुटलो, असंही नाही. विभाग, शहर आणि पद यांवरून तो मॅनेजर कोण हे ऑफिसातल्या चारचौघांना कळत असेल, तर तो स्वतःही तक्रार करू शकतो.

“पण मी खरंच लिहिलंय” हा बचाव आहे, मात्र त्याला अटी आहेत. दिवाणी दाव्यात सत्य सिद्ध झालं की बहुधा पुरतं. फौजदारीत ते लोकहितासाठी लिहिलं होतं, हेही दाखवावं लागतं. आणि दोन्हीकडे सिद्ध करायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. ‘हलकट’ कसं सिद्ध करणार? “माझ्या मते” हे दोन शब्द पुढे जोडूनही फरक पडत नाही. मताला संरक्षण मिळतं ते त्याखाली खरी घटना असेल तेव्हा. “कामाचे तास ठरवताना टीमला विचारलं जात नसे, त्यामुळे मला इथलं व्यवस्थापन एककल्ली वाटलं” या वाक्यात आधी घटना आहे आणि मग मत. शिवी गेली, तक्रार मात्र तशीच राहिली.

आता ‘पीएफ खातात’. हा सरळ अपहाराचा आरोप झाला. पण तिला स्वतःला नक्की काय माहीत आहे? पगारातून कापलेला पीएफ मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, आणि तो भरला की नाही हे ईपीएफओच्या पासबुकात दिसतं. तिच्या पासबुकात तीन महिन्यांचा भरणा दोन महिने उशिरा आलेला दिसतो. मग तेवढंच लिहायचं: “तीन महिन्यांचा पीएफ माझ्या पासबुकात दोन महिने उशिरा जमा झाला.” नोकरी शोधणाऱ्याला ‘खातात’ यापेक्षा हे वाक्य जास्त सांगतं, आणि उद्या कुणी विचारलंच तर पासबुक पुढे ठेवता येतं.

जर्मन बँक आणि बिलाचे आकडे हा गोपनीयतेचा प्रश्न आहे, तो बदनामीपेक्षा निराळा. इथे खरं असणं उलट महागात पडतं, कारण गुपित खरं असतं म्हणूनच ते गुपित. नेमणूकपत्रासोबत सही केलेल्या गोपनीयतेच्या करारात क्लायंटची नावं, दर, प्रकल्पांची माहिती, वापरलेली यंत्रणा हे बहुतेक वेळा येतं, आणि हे बंधन नोकरी सोडल्यावरही चालू राहतं. बँकेचं नाव घेतलं नसलं, तरी ‘जर्मन बँक’, ‘मार्च’ आणि ‘पाच टेस्टर्स’ एकत्र आले की या धंद्यातल्या माणसाला ते ओळखायला वेळ लागत नाही. शिवाय चाळीस आणि बावीसचा हिशेब खरा असेल, तर तो फसवणुकीचा मामला आहे. त्याची जागा रिव्ह्यू नव्हे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना अशा तक्रारींसाठी अंतर्गत यंत्रणा ठेवणं कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार सक्तीचं आहे. तिथे जाण्याआधी वकिलाशी बोललेलं बरं.

‘दिवाळीआधी निम्म्यांना काढणार’ या वाक्यातही तोच धोका आहे. ही माहिती बैठकीत ऐकलेली असेल तर गोपनीय, कॅन्टीनमध्ये ऐकलेली असेल तर नुसती वावडी. कंपनी बाजारात नोंदलेली असेल, तर शेअरच्या भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती फोडल्याबद्दल सेबीच्या नियमांचाही प्रश्न येऊ शकतो. साधा नियम असा की रिव्ह्यू भूतकाळात लिहावा. झालेलं लिहावं, होणार असलेलं नाही.

सगळ्यांत नाजूक वाक्य आहे कमिटीचं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ फारसं कुणाला ठाऊक नसतं. तक्रारीतला मजकूर, तक्रारदार स्त्रीची, जिच्याविरुद्ध किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या व्यक्तीची व साक्षीदारांची ओळख आणि चौकशीचं कामकाज कुठेही प्रसिद्ध करायला ते मनाई करतं. सहानुभूतीने लिहिलेल्या एका ओळीमुळे त्या मुलीची ओळख उघडी पडू शकते. तक्रार कशी हाताळली गेली याबद्दल असमाधान असेल, तर अपील करणं हा तिचा हक्क आहे. ती कहाणी तिच्या वतीने जगजाहीर करणं हा दुसऱ्या कुणाचा नाही.

एवढं गाळल्यावर रिव्ह्यू असा होतो:

“दोन वर्षांहून जास्त काम केलं. नवख्या माणसाला शिकायला भरपूर मिळतं, सहकारी मदतीला तत्पर. पगार वेळेवर व्हायचा. शेवटच्या सहामाहीत बहुतेक शनिवारी आणि काही रविवारी काम करावं लागलं. त्याचे जादा पैसे किंवा बदली रजा मिळाली नाही. तीन महिन्यांचा पीएफ पासबुकात दोन महिने उशिरा जमा झाला. एचआरला मेल करून विचारलं, उत्तर आलं नाही. मुलाखतीत सुट्टीच्या दिवशीचं काम आणि पीएफ याबद्दल स्पष्ट विचारून घ्या.”

कायद्याच्या दृष्टीने हे चांगलं आहे. तरी यात एक वाक्य राहून गेलं आहे, ते एचआरच्या मेलचं. पीएफबद्दल मेल पाठवणारी कदाचित ती एकटीच असेल. हे वाक्य वाचताच एचआरमधला माणूस जुने मेल शोधेल आणि दोन मिनिटांत नाव सापडेल. इथे खरी कसरत लागते. बदनामीपासून वाचायचं तर नेमकं लिहावं लागतं, आणि ओळख लपवायची तर नेमकेपणाच आड येतो. यातून वाट काढणारा प्रश्न एकच: ही गोष्ट कंपनीत किती जणांना लागू होते? शनिवारचं काम आणि उशिरा आलेला पीएफ शंभर जणांनी अनुभवला असेल, तर तिथे हवं तेवढं नेमकं लिहा. जे फक्त तुमच्याच बाबतीत घडलं, ते गाळा किंवा मोघम ठेवा. मेलचं वाक्य काढल्याने वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही. पदाच्या रकान्यातही ‘सीनियर ऑटोमेशन टेस्टर’ऐवजी ‘इंजिनिअर’ पुरे. शेवटच्या दिवशी त्या मजल्यावरून दोघंच बाहेर पडली असतील, तर दोन-तीन महिने थांबून लिहिलेलं बरं.

निनावीपणाची मर्यादाही माहीत हवी. तो वाचकांपुरता असतो. वेबसाइटकडे तुमचा ईमेल असतो आणि कुठून लॉगिन केलं याची नोंदही असू शकते. ‘झुरू’ या न्यूझीलंडच्या खेळणी कंपनीने ग्लासडोअरवरच्या काही निनावी रिव्ह्यूंवरून लिहिणाऱ्यांची माहिती मागितली, तेव्हा जुलै २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने ती द्यायचा आदेश ग्लासडोअरला दिला. न्यूझीलंडमध्ये बदनामीचा दावा लावता यावा, म्हणून कंपनीला ती नावं हवी होती. भारतातही अज्ञात व्यक्तीविरुद्ध ‘जॉन डो’ किंवा ‘अशोक कुमार’ या नावाने दावा लावता येतो. तेव्हा ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं वायफाय आणि ऑफिसचा ईमेल यांना हात न लावता लिहावं. आणि उद्या आपलं नाव उघड झालं तरी ज्याच्यामागे उभं राहता येईल, तेवढंच लिहावं.

पुरावा जमवतानाही लोक फसतात. रिव्ह्यू स्वच्छ असतो, पण नोकरी सोडण्याआधी ऑफिसचे मेल आणि एक्सेल शीट स्वतःच्या जीमेलवर पाठवलेल्या असतात. गोपनीयतेचा भंग तिथेच होतो, आणि त्याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहते. आपला पुरावा म्हणजे आपली कागदपत्रं: पगारपत्रकं, बँकेचं स्टेटमेंट, पीएफ पासबुक, नेमणूकपत्र आणि कोणत्या शनिवारी काम केलं याची घरच्या वहीतली नोंद. फुल अँड फायनलच्या वेळी सही केलेला कागदही काढून वाचा. कंपनीबद्दल वाईट बोलणार नाही, असं एखादं कलम त्यात असेल, तर लिहिण्याआधी वकिलाला दाखवा.

इतकं करूनही नोटीस आलीच तर? वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानुसार वेबसाइटला मजकूर हटवणं बंधनकारक होतं, ते न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना आल्यावर. पण स्वतःच्या नियमांत बसत नाही म्हणून ती तो आधीही काढू शकते. बदनामी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे, त्यामुळे पोलीस वॉरंटशिवाय येऊन उचलून नेत नाहीत. तक्रार दंडाधिकाऱ्यापुढे जाते. घाईने उत्तर लिहू नका, एचआरला फोन करू नका. रिव्ह्यूचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, वकील गाठा. एखादं वाक्य खरोखर सिद्ध करता येणार नाही असं दिसलं, तर ते दुरुस्त करण्यात कमीपणा नाही. दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष, फौजदारी तक्रारीची तीन वर्षं. म्हणून पगारपत्रकं, पासबुकाची प्रत आणि ती वही निदान तीन वर्षं तरी रद्दीत जाऊ देऊ नका.