६३० अधिक ६३० म्हणजे १२६० नव्हे

विदर्भातल्या एका शहरात दोनशे खाटांचं रुग्णालय उभं राहतंय, असं समजा. आराखड्यात १००० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर आहेत. काम मिळालेला इलेक्ट्रिकल कंत्राटदार ‘व्हॅल्यू इंजिनिअरिंग’च्या नावाने एक प्रस्ताव देतो. हजारऐवजी ६३० केव्हीएचे दोन बसवा. ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतील, त्यांच्याबरोबरच्या केबल आणि ब्रेकरही लहान होतील आणि काही लाख रुपये वाचतील. रुग्णालयाचे विश्वस्त हा कागद सल्लागार अभियंत्याकडे पाठवतात आणि विचारतात, “हे मान्य करायला हरकत काय आहे?”

या प्रश्नाचं उत्तर पत्राने द्यायचं असतं, आणि ते पत्र वाचणारा माणूस अभियंता नसतो. मी हे काम करतो, म्हणून अशा पत्रात काय असावं आणि का, ते या एका नमुन्यावरून सांगतो. आकडे गणिताला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

सुरुवात कंत्राटदाराच्या म्हणण्यातलं बरोबर काय आहे, इथून करावी लागते. सगळी यंत्रणा जोरात चालू असताना रुग्णालयाची कमाल मागणी ८०० केव्हीए होईल, असं तो म्हणतो. आमचा हिशेबही तेवढाच आहे. दोन ट्रान्सफॉर्मर हा भार वाटून घेतात तेव्हा प्रत्येकावर ४०० केव्हीए येतात. १००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर हा भार ४० टक्के होतो, ६३०च्या ट्रान्सफॉर्मरवर ६३ टक्के. ‘साठ टक्के क्षमता नुसती पडून राहणार, मग तिचे पैसे का मोजायचे?’ हा त्याचा मुद्दा. ६३० आणि ६३० मिळून १२६० होतात आणि मागणी तर ८००च आहे. या गणितात चूक एकही नाही. फक्त दोन्ही ट्रान्सफॉर्मर कायम चालू राहतील, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

दोन ट्रान्सफॉर्मर मुळात घेतले ते एक बंद पडेल म्हणून. कधी बिघाड होतो, कधी तेल गाळायचं असतं, कधी बुशिंग बदलायचं असतं. रुग्णालयाने आराखड्याच्या आधी जी गरज लिहून दिली होती, तिच्यात एक ट्रान्सफॉर्मर बंद असतानाही संपूर्ण रुग्णालय चाललं पाहिजे, अशी अट होती. त्या दिवशी सगळे ८०० केव्हीए एकट्या ट्रान्सफॉर्मरवर येतात. हजारच्या ट्रान्सफॉर्मरवर तो भार ८० टक्के असतो. ६३०च्या ट्रान्सफॉर्मरवर तो १२७ टक्के होतो. रोजच्या दिवशी पडून असलेली ती क्षमता म्हणजे या दिवसासाठी राखलेली जागा आहे.

१२७ टक्के भार आला की नेमकं काय होतं, हे पत्रात नीट सांगावं लागतं. कारण “थोडा ओव्हरलोड कुठलंही यंत्र सोसतं” हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आणि तो रास्तही आहे. ट्रान्सफॉर्मर खरोखरच थोडा वेळ जास्त भार सोसतो. तो किती सोसतो, हे आतल्या कागदावर ठरतं.

तेलात बुडालेल्या ट्रान्सफॉर्मरच्या आत तारांच्या गुंडाळ्या असतात आणि त्या तारांवर कागद गुंडाळलेला असतो. एका वेढ्याची वीज दुसऱ्यात उतरू नये म्हणून हे आवरण. कागद म्हणजे सेल्युलोज. उष्णतेने त्याचे लांब धागे तुटत जातात आणि तो ठिसूळ होतो. तेल खराब झालं तर गाळता येतं, बदलता येतं. झिजलेला कागद पुन्हा चांगला होत नाही. ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य म्हणजे या कागदाचं आयुष्य. ठिसूळ कागदसुद्धा शांतपणे काम करत राहतो. मग एके दिवशी बाहेर कुठे शॉर्टसर्किट होतं, गुंडाळीला जोराचा हिसका बसतो, कागद तडकतो आणि वेढ्याला वेढा चिकटतो. लोक म्हणतात, चांगला चालणारा ट्रान्सफॉर्मर अचानक गेला.

या झिजेचा एक मान्य हिशेब आहे. साध्या कागदासाठी गुंडाळीतल्या सर्वांत तप्त जागेचं तापमान ९८ अंश सेल्सिअस असेल तर झीज सर्वसाधारण गतीने होते. त्यावर दर ६ अंशांना झिजेचा वेग दुप्पट होतो.

आता विदर्भातला मे महिना घ्या. बाहेर ४५ अंश. गुंडाळीतली उष्णता भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून १२७ टक्के भाराला ती पूर्ण भाराच्या १.६ पट होते. प्रस्तावातल्या ट्रान्सफॉर्मरची तप्त जागा पूर्ण भारावर हवेपेक्षा साधारण ६० अंशांनी गरम होते असं धरलं, तर १२७ टक्क्यांवर ती सुमारे ८५ अंशांनी गरम होईल. ४५ आणि ८५ मिळून १३० अंश. ९८पेक्षा हे ३२ अंश जास्त. म्हणजे झिजेचा वेग पाच वेळा दुप्पट होऊन बत्तीस पटींच्याही पुढे जातो. एका तासात एका दिवसाहून अधिक आयुष्य खर्ची पडतं. तेलाला पूर्ण तापायला काही तास लागतात हे खरं, पण दुपारचा एसीचा भारही काही तास टिकतोच. त्याच दुपारी हजारचा ट्रान्सफॉर्मर ८० टक्के भारावर असताना त्याची तप्त जागा ९० अंशांच्या आसपास असते.

पण प्रत्यक्षात पहिला फटका कागदाला बसत नाही. ४३३ व्होल्टला ६३० केव्हीएचा पूर्ण भार म्हणजे ८४० अँपिअर. खालच्या बाजूचा ब्रेकर त्याच आकड्यावर लावलेला असतो. ८०० केव्हीए म्हणजे १०६७ अँपिअर. एवढा प्रवाह वाहू लागला की काही मिनिटांत ब्रेकर पडतो. एक ट्रान्सफॉर्मर आधीच बंद, दुसऱ्याचा ब्रेकर पडलेला, आणि सगळं रुग्णालय जनरेटरवर. ब्रेकर पुन्हा चढवला की पुन्हा पडतो. मग कुणीतरी ब्रेकरच्या रिलीजचं सेटिंग वाढवतं. वीज टिकते, आणि आता खरोखर कागद जळू लागतो. हे घडलं आहे का, ते ट्रान्सफॉर्मरच्या तापमानाच्या डायलवर कळतं. त्यावर आजचं तापमान दाखवणाऱ्या काट्याखेरीज आणखी एक काटा असतो. गाठलेल्या सर्वांत वरच्या आकड्यावर तो थांबून राहतो आणि हाताने मागे आणेपर्यंत तिथेच असतो. देखभालीला आलेल्या माणसाने आधी तो काटा पाहावा.

जनरेटर आहेत ना, मग अडचण काय, असं विश्वस्त विचारतात. जनरेटर अत्यावश्यक भारापुरता आणि काही तासांपुरता धरलेला असतो. नवा ट्रान्सफॉर्मर मात्र दुकानातून उचलून आणायची वस्तू नाही. तो कारखान्यात बनतो, तपासला जातो, मग येतो. त्यात आठवडे जातात.

पत्रात काय घालू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. प्रस्ताव नाकारताना हाताला लागेल ते कारण जोडायचा मोह होतो. मोठी मोटर सुरू होताना लहान ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज फार पडेल, हे त्यातलं नेहमीचं. इथे अग्निशमनाचा पंप थेट सुरू केला आणि तो सुरुवातीला ८०० केव्हीए ओढतो असं धरलं, तर ६३०वर व्होल्टेज साधारण पावणेसहा टक्के पडतं आणि हजारवर चार टक्के. दोन्ही चालण्यासारखं आहे. विजेच्या नासाडीतला फरकही किरकोळ आहे. लहान ट्रान्सफॉर्मरचा गाभा कमी वीज खातो, त्याच्या गुंडाळ्या जास्त खातात. ही कारणं लिहिली तर कंत्राटदार ती सहज खोडून काढतो, आणि त्यांच्याबरोबर खरं कारणही संशयात सापडतं. एक पुरेसं कारण असेल तर ते एकटं उभं राहू द्यावं.

व्हॅल्यू इंजिनिअरिंग ही विद्या बदनाम करायचंही कारण नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या लॉरेन्स माइल्स यांनी ती मांडली. वस्तू काय काम करते हे आधी नेमकं लिहा आणि तेच काम कमी खर्चात कसं होईल ते शोधा, हा तिचा गाभा. इथे काम काय होतं? ‘एकट्याने संपूर्ण रुग्णालय चालवणं.’ ६३०चा ट्रान्सफॉर्मर ते काम करत नाही. म्हणून हा प्रस्ताव खर्च कमी करतो, पण त्या अर्थाने व्हॅल्यू इंजिनिअरिंग ठरत नाही.

नकार देताना ‘मग काय चालेल’ हेही सांगायला हवं. नाहीतर पैसे वाचवण्याचा रास्त प्रश्न विश्वस्तांच्या मनात तसाच राहतो. पत्राचा शेवटचा भाग म्हणून मी असा लिहितो:

“वरील कारणास्तव ६३० केव्हीएचा प्रस्ताव आम्ही मान्य करण्याची शिफारस करू शकत नाही. ८०० केव्हीएचा पर्यायही आम्ही तपासला. एक ट्रान्सफॉर्मर बंद असताना दुसऱ्यावर १०० टक्के भार येईल आणि आपण पुढे घेऊ इच्छित असलेल्या एमआरआयसाठी जागा उरणार नाही. मात्र गुंडाळी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची घेण्यास आमची हरकत नाही. विजेच्या नासाडीची आणि तापमानवाढीची हमी तीच राहिली पाहिजे. ट्रान्सफॉर्मर मुख्य पॅनेलच्या जवळ आणल्यास केबलची लांबी घटेल, तेही करता येईल.

“एक ट्रान्सफॉर्मर बंद असताना वॉर्ड आणि कार्यालयांचे सुमारे २०० केव्हीएचे एसी आपोआप बंद झालेले आपल्याला चालणार असतील, तर एकट्यावरचा भार ६०० केव्हीएपर्यंत खाली येईल आणि या प्रस्तावाचा आम्ही पुन्हा विचार करू. शस्त्रक्रियागृहे आणि अतिदक्षता विभाग यांची वातानुकूलन यंत्रणा त्यात धरता येणार नाही, आणि वाढीव भारालाही वाव राहणार नाही. मे महिन्यात वॉर्डातील रुग्णांना किती दिवस एसीविना ठेवता येईल, हा निर्णय वैद्यकीय आहे. तो आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावा आणि आम्हाला लेखी कळवावा. तोपर्यंत आराखड्यातील १००० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर कायम समजावेत.”